तारीख बदलावी की तिकीट रद्द करून नवं काढावं? दोन आकड्यांची बेरीज

प्रश्न: आई-बाबांचं पुणे–दिल्ली विमानाचं तिकीट एका अ‍ॅपवरून काढलं होतं, दोघांचे मिळून १२,४८० रुपये. आता जाणं चार दिवस पुढे ढकलायचंय. निघायला अजून नऊ दिवस आहेत. अ‍ॅप म्हणतंय, रद्द केलं तर ३,८३० परत मिळतील, तारीख बदलली तर आणखी ८,७९० भरा. बारा हजारांच्या तिकिटाचे चार हजारसुद्धा परत नाहीत, हे कसं काय? दुसऱ्या कंपनीचं त्याच दिवशीचं विमान माणशी ५,४५० ला दिसतंय. स्वस्त काय पडेल?

उत्तर:

वीसेक वर्षं तिकिटं काढून देतोय. या व्यवहारात लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती एकाच ठिकाणी: मोजायला बसतात आणि सुरुवात करतात भरलेल्या पैशांपासून. तुमचे १२,४८० गेले, ते आता बाजूला ठेवा. निर्णयाला लागतात फक्त तीन आकडे: आज रद्द केलं तर हातात किती येतं, आज तारीख बदलली तर खिशातून किती जातं, आणि नवं तिकीट सगळं धरून कितीला पडतं. यातले पहिले दोन तुम्हाला अ‍ॅपने दिलेच आहेत. ते बरोबर आहेत का एवढं आधी तपासू.

माझ्याकडे तुमचं तिकीट नाही, पण तुम्ही दिलेल्या रकमांशी जुळेल अशी फोड मांडतो. तुमच्या बुकिंगमध्ये ‘फेअर ब्रेकअप’ उघडलंत की खरे आकडे दिसतील, माझ्यापेक्षा थोडे इकडेतिकडे असतील. एका माणसाचं धरू. मूळ भाडं आणि फ्युएल सरचार्ज मिळून ४,८००. त्यावर इकॉनॉमीचा ५ टक्के जीएसटी, म्हणजे २४०. विमानतळाचं वापरकर्ता विकास शुल्क, म्हणजे यूडीएफ, सुरक्षा शुल्क वगैरे मिळून ८५०. झाले ५,८९०. ही विमान कंपनीकडे गेलेली रक्कम. वर अ‍ॅपची कन्व्हिनियन्स फी ३५०. एकूण ६,२४०, दोघांचे १२,४८०.

रद्द करताना पहिला धक्का या शेवटच्या ३५० चा असतो. ते विमान कंपनीकडे गेलेलेच नाहीत, आणि अ‍ॅप ते सहसा परत देत नाही. म्हणजे हिशोब ६,२४० पासून नाही, ५,८९० पासून सुरू होतो. त्यातून कंपनीचं रद्द शुल्क समजा ३,५०० कापलं. मग त्या कापलेल्या शुल्कावरही जीएसटी लागतो. पुष्कळ लोक यावर भांडायला उठतात, पण केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलेलं आहे: मूळ सेवेला जो दर, तोच तिच्या रद्द शुल्काला. इकॉनॉमीला ५ टक्के, म्हणून १७५. शिवाय अ‍ॅप रद्द करून देण्याची स्वतःची फी घेतं, माणशी ३०० धरा. ५,८९० मधून ३,५००, १७५ आणि ३०० गेले की उरतात १,९१५. दोघांचे ३,८३०. तुम्हाला दिसलेला आकडा हाच. म्हणजे फसवणूक झालेली नाही, पण माणशी ६५० रुपये अ‍ॅपकडे राहिलेत हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता तारीख बदलण्याचा आकडा. त्यात तीन तुकडे असतात. कंपनीचं बदल शुल्क, समजा ३,००० आणि त्यावरचे १५० जीएसटी. अ‍ॅपची फी ३००. आणि भाड्यातला फरक: नव्या तारखेला तेच विमान आज ६,८३५ ला आहे, तुमचं होतं ५,८९०, म्हणजे फरक ९४५. बेरीज ४,३९५, दोघांची ८,७९०. हाही आकडा जुळला.

आता मूळ युक्ती. या दोन आकड्यांची बेरीज करा: रद्द केल्यावर मिळणारे १,९१५ आणि बदलायला लागणारे ४,३९५. झाले ६,३१०. हा तुमचा सीमेवरचा आकडा. कोणतंही नवं तिकीट, कोणत्याही कंपनीचं, सगळ्या फी धरून माणशी ६,३१० च्या आत मिळत असेल तर रद्द करून नवं काढणं स्वस्त. त्याच्या वर गेलं तर तारीख बदलणं स्वस्त. कारण साधं आहे. नवं तिकीट काढलंत तर खिशातून त्याची किंमत जाते आणि १,९१५ परत येतात. बदललंत तर ४,३९५ जातात. दोन्ही बाजू सारख्या व्हायला नव्या तिकिटाची किंमत या दोन आकड्यांच्या बेरजेइतकी असावी लागते.

लावून बघा. तेच विमान रद्द करून पुन्हा काढलं तर ६,८३५ अधिक कन्व्हिनियन्स फी ३५०, म्हणजे ७,१८५. सीमेच्या बरंच वर. त्याच विमानाने जायचं असेल तर मुकाट तारीख बदला, माणशी ८७५ वाचतात. पण दुसऱ्या कंपनीचं ५,४५० चं तिकीट फी धरून ५,८०० ला पडतं. ते सीमेच्या खाली ५१० रुपये. दोघांचे १,०२० वाचतील.

इथवर वाचून लगेच रद्द करायला जाऊ नका. त्या १,०२० मध्ये अ‍ॅपची फी मिसळलेली आहे. अ‍ॅपवरून काढलेल्या तिकिटाचीही तारीख बऱ्याचदा थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून बदलता येते. तसं झालं तर बदलताना अ‍ॅपचे ३०० वाचतात, बदलाचा खर्च ४,०९५ वर येतो आणि सीमा ६,०१० वर सरकते. आता दुसऱ्या कंपनीचं ५,८०० चं तिकीट सीमेपासून फक्त २१० खाली आहे. दोघांचा फायदा ४२०. एवढ्यासाठी परताव्याची वाट बघायची, नवी कंपनी, नवे सामानाचे नियम, हे मी तरी करणार नाही. वयस्कर माणसं असतील, विमान पहाटेचं असेल तर नक्कीच नाही. पण हा तुमचा निर्णय. माझा मुद्दा एवढाच की सीमेचा आकडा अ‍ॅपच्या फीमुळेही हलतो. म्हणून बदलाचा भाव दोन्हीकडे बघा, अ‍ॅपवर आणि कंपनीच्या संकेतस्थळावर, आणि जो कमी तो बेरजेत धरा.

नव्या तिकिटाची किंमत काढताना तीन ठिकाणी माणूस स्वतःलाच फसवतो. पहिलं, पानावर दिसणारा भाव आणि शेवटी पैसे भरताना येणारा भाव वेगळा असतो. कार्ड घालायच्या आधीच्या पानापर्यंत जाऊन तो आकडा घ्या. दुसरं, जुन्या तिकिटावर सीट निवडायला किंवा जास्तीच्या सामानाला वेगळे पैसे दिले असतील तर रद्द केल्यावर ते सहसा बुडतात आणि नव्या तिकिटावर पुन्हा भरावे लागतात. ते नव्या किंमतीत धरा. तारीख बदलतानाही सीटचे पैसे पुढे जातात की नाही हे शेवटच्या पानावर दिसतं. तिसरं जरा गमतीचं आहे. विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या टोपल्यांत असतात. सगळ्यात स्वस्त टोपलीत एकच जागा उरली असेल आणि तुम्ही दोघांसाठी शोधलंत, तर यंत्रणा दोघांनाही वरच्या टोपलीतला भाव दाखवते. म्हणून आधी एका माणसासाठी शोधा, मग दोघांसाठी. माणशी भावात फरक दिसला तर समजा की स्वस्त जागा एकच आहे. वेगवेगळं काढलं तर पैसे वाचतील, पण मग आई-बाबांचे पीएनआर वेगळे होतात. विमान ऐनवेळी बदललं तर कंपनीची यंत्रणा दोघांना वेगवेगळ्या विमानांत बसवू शकते. माझ्या आई-बाबांसाठी मी हे केलं नसतं.

उलटी परिस्थितीही येते, नव्या तारखेला भाव उतरलेला असतो. समजा तेच विमान ५,२०० ला आहे. लोकांना वाटतं, तारीख बदलली की फरकाचे ६९० परत मिळतील. बहुतेक कंपन्या भाडं वाढलं तर फरक घेतात, उतरलं तर देत नाहीत. म्हणून बदलाचा खर्च बदल शुल्क, जीएसटी आणि अ‍ॅपची फी मिळून ३,४५०, आणि सीमा १,९१५ मिळवून ५,३६५. नवं तिकीट फी धरून ५,५५० ला पडतंय, म्हणजे भाव उतरूनही बदलणंच थोडं स्वस्त. पण तेच विमान ४,९०० ला आलं, म्हणजे फी धरून ५,२५० ला, तर रद्द करून पुन्हा त्याच विमानाचं तिकीट काढणं स्वस्त. ऐकायला विचित्र वाटतं, पण असे व्यवहार मी केलेत.

तुमच्या तिकिटाला लागू नाही, पण खूप जणांना लागू आहे म्हणून सांगतो: तिकीट सवलतीत, अगदी स्वस्तात काढलेलं असेल तर पारडं रद्द करण्याकडे झुकतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम आहे की रद्द शुल्क मूळ भाडं आणि फ्युएल सरचार्ज यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. समजा ही बेरीज २,६०० आहे आणि कंपनीचं शुल्क ३,५००. तर कापले जाणार २,६०० च. पण बदल शुल्काचा ३,००० चा दर तुमच्या कंपनीत अशाच मर्यादेत आहे की नाही हे तिच्या अटींतच बघावं लागतं. मर्यादा नसेल तर तारीख बदलायला, फरक सोडूनसुद्धा, रद्द करण्यापेक्षा जास्त पैसे पडतात, आणि हे अ‍ॅप तुम्हाला सांगत बसत नाही. ‘तारीख बदला’चं बटण मात्र ठळक आणि वर असतं.

याच नियमाचा दुसरा भाग जास्त लोकांनी वापरायला हवा. मूळ भाडं ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी सरकारी कर, यूडीएफ, प्रवासी सेवा शुल्क हे परत द्यावेच लागतात. रद्द केलं तरी, आणि विमानतळावर गेलाच नाहीत, म्हणजे नो-शो झालात, तरी. सवलतीच्या तिकिटालाही हे लागू आहे. तुमच्या उदाहरणात माणशी साडेआठशेच्या आसपास. ‘काहीच मिळणार नाही’ म्हणून तिकीट तसंच सोडून देणारे लोक हे पैसे सोडतात. फक्त नो-शोच्या वेळी कंपनी ते आपोआप पाठवेलच असं नाही, मागावे लागतात. आणि परताव्यावर प्रक्रियेचा जादा आकार लावायची विमान कंपनीला परवानगी नाही. अ‍ॅपची फी ही वेगळी गोष्ट, ती तुम्ही त्यांच्या अटी मान्य करून दिलेली असते.

आता वेळेबद्दल. रेल्वेत कापणी गाडी सुटण्याच्या वेळेनुसार पायरीपायरीने वाढते, म्हणून तिथे पायरी ओलांडण्याआधी रद्द करणं हाच निम्मा हिशोब असतो. तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द करून काही मिळत नाही, तिथे तर हिशोबच नाही. विमानात असं नसतं. रद्द शुल्क बरेच दिवस एकाच दराने चालतं, मग सुटायला तीन-चार दिवस उरले की अनेक कंपन्या ते वाढवतात आणि शेवटचे काही तास उरले की दारच बंद होतं. नऊ दिवस हातात आहेत म्हणजे शुल्काच्या बाजूने तुम्हाला घाई नाही. पण दुसरी बाजू रोज हलते: नव्या तारखेचं भाडं. ते आज ६,८३५ आहे, उद्या ७,५०० असू शकतं. ते वाढलं की बदलाचा खर्चही तेवढाच वाढतो आणि सीमा वर सरकते. म्हणजे आज काढलेला आकडा उद्याला लावू नका, बेरीज रोज नव्याने करायची. खरं तर दोन मिनिटांचं काम आहे.

थांबण्याचं एक वेगळं कारण मात्र आहे. एका गृहस्थांनी अगदी तुमच्यासारखंच, आठवडाभर आधी तिकीट रद्द केलं. मी कापणीचा हिशोब लावून दिला, त्यांनी ‘करा’ म्हटलं, मी केलं. दोन दिवसांनी त्याच कंपनीने ते विमान रद्द केल्याचे संदेश आले, आणि बाकीच्या सगळ्या प्रवाशांना पूर्ण पैसे परत मिळाले. आमच्या गृहस्थांचे माणशी साडेतीन हजार गेले ते गेलेच. कंपनीने स्वतः विमान रद्द केलं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं एक तुम्हाला द्यावं लागतं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तरीही सहा तासांच्या आतलं पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा असा पर्याय आहे. वेळापत्रकात मोठा बदल केला तर पुष्कळ कंपन्या एकदा फुकट तारीख बदलून देतात. म्हणून रद्द करण्याआधी मेल आणि संदेश चाळा. वेळ बदलल्याचा एखादा मेल ‘प्रमोशन्स’मध्ये पडलेला असतो आणि माणूस त्याच तिकिटाचे पैसे कापून घेत असतो. असा मेल सापडला तर ‘रद्द करा’चं बटण दाबू नका. त्या मेलमधल्या दुव्यावरून किंवा कंपनीला फोन करून बदल घ्या. बटण दाबलंत की ते तुमच्या मर्जीने रद्द झाल्याची नोंद होते, आणि ती उलटवणं फार कठीण.

तुमचं तिकीट एकाच बाजूचं आहे हे बरं झालं. जाण्या-येण्याचं असतं तर शुल्क प्रत्येक बाजूला, प्रत्येक माणसाला वेगळं लागलं असतं. आणि जाण्याच्या बाजूला गैरहजर राहिलात तर अनेक कंपन्या त्याच पीएनआरवरचं परतीचं तिकीटही रद्द करतात. ‘जाताना रेल्वेने जातो, येताना विमान आहेच’ असं म्हणणारे परतीला विमानतळावर अडकलेले मी पाहिलेत.

क्रमाने काय करायचं ते सांगतो. आधी मेल चाळा. मग कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून तारीख बदलण्याचा आकडा शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा, बदलू नका. मग अ‍ॅपवर रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम बघा, रद्द करू नका. बेरीज करा. नवं तिकीट त्या खाली आलं, आणि फरक तुम्हाला दगदगीच्या लायकीचा वाटला, तर आधी नवं तिकीट काढा, हातात येऊ द्या, मगच जुनं रद्द करा. उलट क्रम केलात तर जुनं गेलेलं आणि नव्याचा भाव चढलेला, असं मधल्यामध्ये सापडता. आणि आई-बाबांची नावं नव्या तिकिटावर ओळखपत्राप्रमाणे तपासा. नाव चुकलं तर पुन्हा नवा हिशोब.

रद्द केल्यावर शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, त्यावर कापणीची फोड असते. परतावा जमा झाला की रक्कम त्याच्याशी ताडा. थेट कंपनीकडून क्रेडिट कार्डाने काढलेल्या तिकिटाचे पैसे ७ दिवसांत परत यायला हवेत. अ‍ॅपवरून काढलेल्याला जास्त वेळ लागतो, पण तिथेही पैसे परत करण्याची जबाबदारी नियमाने विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी. ‘आम्ही अ‍ॅपला दिले, त्यांना विचारा’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. आणि पैसे खात्याऐवजी कंपनीच्या वॉलेटमध्ये, ज्याला क्रेडिट शेल म्हणतात, जमा झालेले दिसले तर लगेच लेखी हरकत घ्या. ते पैसे तिथे ठेवायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे, कंपनी परस्पर ठरवू शकत नाही. तुमच्या बाबतीत माणशी १,९१५ च्या ऐवजी कमी आले तर बहुधा कूपनची सवलत परत कापलेली असते. तिकीट काढताना कूपन लावलं होतं का, ते आठवून बघा.